पुन्हा पाठवा

अॅपने एसएमएसने पाठवलेला कोड येत नाही आणि ‘पुन्हा पाठवा’ हे बटण राखाडी असतं, तेव्हाच ते सगळ्यात जास्त दाबावंसं वाटतं. त्याच्या शेजारी सेकंद मागे मागे जात असतात. ते शून्यावर आले की आपण लगेच बटण दाबतो. मग आधीचा उशिरा निघालेला कोड येऊन टपकतो आणि चालत नाही, कारण बहुतेक ठिकाणी नवा कोड मागितला की जुना बाद होतो. आपण चिडून आणखी दाबतो, आणि अॅप प्रत्येक खेपेला थांबायची वेळ वाढवत नेतं. आधी मिनिट, मग काही मिनिटं, मग थेट तास. मला ते अॅपही अगदीच चुकीचं वाटत नाही. सहा आकड्यांचे दहा लाख कोड होतात, ते कुणी बसून चाचपत राहू नये म्हणून हा अडसर असतो.

पण कधीकधी कितीही थांबलं तरी उपयोग नसतो. शेजारच्या काकूंचं तसंच झालं. नव्या फोनवर मेसेजचं अॅप सुरू होईना. रेंज भरपूर, फोन येत-जात होते, कोड तेवढा नाही.

“काकू, सिम कधी बदललंत?”

“दुपारीच. जुनं चालेना, म्हणून त्याच नंबरचं नवं घेतलं.”

इथेच घोडं अडलं होतं. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद ठेवा, येणारे आणि जाणारे दोन्ही, असं दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं. एखाद्या भामट्याने तुमच्या नावावर सिम काढलं, तर बँकेचे कोड लगेच त्याच्या हाती पडू नयेत, आणि आपल्या फोनची रेंज का गेली हे कळायला तुम्हाला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. बंदी एसएमएसवर आहे, कॉलवर नाही. म्हणून ‘फोन करून कोड सांगा’ हा पर्याय आमच्या कामाचा होता.

त्याआधी काकूंच्या फोनमधलं एक बटण बंद करावं लागलं. अनोळखी नंबर परस्पर गप्प करण्याची सोय मुलाने लावून दिली होती, आणि कोड सांगणारा नंबर अनोळखीच असतो. मग घड्याळ शून्यावर यायची वाट पाहिली, कारण फोनच्या पर्यायालाही तेच घड्याळ लागू होतं.

घंटी वाजली. मी स्पीकर लावला. अॅपमध्ये आकडे भरताना फोन कानाला कसा धरणार!

“हॅलो, कोण बोलतंय?” काकूंनी विचारलं. पलीकडची बाई थांबली नाही, आकडे सांगत सुटली. “अहो, ती मशीन आहे,” मी म्हणालो. सुदैवाने तिने सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी काकू पेन घेऊन तयार होत्या. कोड लागला, अॅप उघडलं.

बँकेचं अॅप मात्र अडून बसलं. तिथे फोनचा पर्यायच नव्हता.

“मग आता?”

“उद्या दुपारनंतर बघू.”

“बरं. वीजबिलाला परवापर्यंत मुदत आहे,” म्हणत काकू चहा टाकायला उठल्या.