निमुळत्या कुंडीत माती किती? मोगऱ्याच्या सहा कुंड्यांची नोंद

गेल्या वर्षी अमळनेरच्या आमच्या गच्चीवर मी सहा सिमेंटच्या कुंड्या मांडल्या आणि माती मागवताना मोठी चूक केली. कुंडीच्या तोंडावर बाहेरून टेप धरला, ४० सेंटीमीटर भरलं. उंची बाहेरून ३८. डब्याचं गणित लावलं तसं कुंडीला लावलं आणि एका कुंडीला ४८ लिटर माती धरली. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच लागली. माती वर चढवून झाल्यावर शेजारच्या आजी ढीग बघून म्हणाल्या, "इतली माटी कसाले वं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. उरलेला शेणखत मिसळलेला ढीग पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिला आणि त्यात हुमणीच्या अळ्या झाल्या. सगळा फेकावा लागला.

या फेब्रुवारीत मोगऱ्याची छाटणी झाली, जुनी माती काढली, तेव्हा ठरवलं की आधी नीट मोजायचं आणि मगच माती मागवायची.

पहिला रविवार: माप

सिमेंटच्या कुंडीची भिंत चांगली दोन सेंटीमीटर जाड असते आणि बूडही तेवढंच. त्यामुळे बाहेरचं माप मातीच्या कामाचं नाही, आतलंच हवं. तोंडाचा आतला व्यास घेणं सोपं आहे, पण एकदाच घेऊन भागत नाही. माझी पहिली कुंडी एका दिशेने ३५.५ आणि आडव्या दिशेने ३६.५ भरली. साच्यातून काढताना या कुंड्या थोड्या दबतात. दोन्हींची सरासरी ३६ धरली.

अडचण बुडाची. आत टेप सरळ बसत नाही, वाकतो, आणि वाकला की माप जास्त येतं. मी खराट्याची जाड काडी घेतली, बुडाशी आडवी धरली आणि नेलकटरने थोडी थोडी कापत गेले. ती दोन्ही भिंतींना हलकी टेकून सपाट बसली, तेव्हा बाहेर काढून पट्टीवर ठेवली. २४ सेंटीमीटर. खोलीसाठी तोंडावर पट्टी आडवी ठेवून मधून काठी बुडापर्यंत सोडली. ३६ सेंटीमीटर.

आता यातली सगळी खोली मातीची नाही. वर तीन सेंटीमीटर पाण्यासाठी मोकळे लागतात, नाहीतर पाणी घालताना माती काठावरून वाहते. म्हणजे माती ३३ सेंटीमीटरपर्यंत. त्या उंचीवर व्यास किती? ३६ सेंटीमीटर उंचीत व्यास १२ ने वाढतो, म्हणजे दर तीन सेंटीमीटरला एक. ३३ वर तो ३५ होतो. काठाचा ३६ धरायचा नाही, मातीच्या रेघेवरचा ३५ धरायचा. ही रेघ मी आतून खडूने ओढून ठेवली.

गणित

दहावीला शंकुछेदाचं सूत्र होतं, तेच हे. फक्त टेपवर आपल्याला त्रिज्या मिळत नाही, व्यास मिळतो, आणि निम्मं करायचं विसरलं की उत्तर चौपट येतं. म्हणून मी ते व्यासातच मांडून घेतलं:

```
माती = ०.२६१८ × खोली × (वर×वर + वर×खाल + खाल×खाल)
```

यात 'वर' म्हणजे मातीच्या रेघेवरचा व्यास आणि 'खाल' म्हणजे बुडाचा. ०.२६१८ हे पायला १२ ने भागून आलेलं. सगळं सेंटीमीटरमध्ये घ्यायचं आणि शेवटी हजाराने भागलं की लिटर.

माझ्या कुंडीत ३५×३५ म्हणजे १२२५, ३५×२४ म्हणजे ८४०, २४×२४ म्हणजे ५७६. बेरीज २६४१. गुणिले ३३, गुणिले ०.२६१८. उत्तर २२,८१७ घनसेंटीमीटर, म्हणजे २२.८ लिटर. गेल्या वर्षीच्या ४८ पुढे हा आकडा ठेवून मी बराच वेळ बघत बसले.

बरेच जण दोन्ही व्यासांची सरासरी काढून कुंडी सरळ डब्यासारखी धरतात. तेही करून बघितलं: २२.६ लिटर. पाव लिटरचा फरक, चालण्यासारखा. पण सरासरीने उत्तर नेहमी कमीच येतं, आणि कुंडी जितकी निमुळती तितकं जास्त कमी. वर ४० आणि खाली १६ अशी कुंडी असेल तर शंभरात जवळपास सहा लिटरची तूट पडते. सूत्राला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे मी आता सूत्रच वापरते.

खात्रीसाठी एका कुंडीत पातळ पॉलिथिन पसरून रेघेपर्यंत लिटरच्या मापाने पाणी ओतलं. साडेबावीस लिटर बसलं. पॉलिथिनच्या घड्या थोडी जागा खातात, तेव्हा हे जुळलंच म्हणायचं. ते पाणी मग कढीपत्त्याला आणि तुळशीला गेलं.

पोट फुगलेल्या, मडक्याच्या घाटाच्या कुंडीला हे सूत्र लागत नाही. ते फक्त सरळ उतरत्या भिंतीसाठी आहे. तिथे पाणी ओतून मोजणं हाच खरा मार्ग.

दुसरा रविवार: सैल माती आणि बसलेली माती

२२.८ लिटर हे पाणी मुरून बसलेल्या मातीचं माप आहे. आपण आणतो ती सैल असते. ती किती बसते हे ज्याच्या त्याच्या मिश्रणावर असतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊन उपयोग नाही.

माझं मिश्रण असं: चार भाग काळी माती, तीन भाग कुजलेलं शेणखत, दोन भाग जाड वाळू, एक भाग भिजवून फुगवलेलं कोकोपीट. आपली काळी माती नुसती वापरली तर ओली असताना फुगते आणि सुकली की आकसून भिंतीपासून सुटते. मग मे महिन्यात घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बुडाच्या भोकाने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. वाळू आणि शेणखत त्यासाठी.

सरळ भिंतीचा एक जुना पत्र्याचा डबा घेतला, बुडाला भोकं पाडली, त्यात २० सेंटीमीटरपर्यंत सैल मिश्रण भरलं. तीन दिवस रोज झारीने पाणी घातलं. चौथ्या दिवशी माती साडेसोळावर होती. म्हणजे सैल मातीचं बसल्यावर ०.८२५ उरतं. डबा सरळच हवा. निमुळत्या कुंडीत माती किती सेंटीमीटर खाली गेली यावरून किती बसली ते कळत नाही. त्याचा अनुभव पुढे आलाच.

दुसरी गोष्ट मिसळताना दिसली. ३० लिटर सुटे घटक मोजून घेतले आणि कालवले, तर ढीग २७ लिटरच भरला. वाळू ढेकळांच्या फटीत शिरते. तेव्हा घटक आणताना हीही घट धरायला हवी.

मोगऱ्याचा मुळांचा गड्डा जागा घेतो, तो वजा करायचा. माझे गड्डे साधारण १२ सेंटीमीटर रुंद आणि १५ उंच होते, म्हणजे १.७ लिटर. बसलेली माती हवी २१.१ लिटर. त्याला ०.८२५ ने भागलं तर सैल मिश्रण २५.६ लिटर. सहा कुंड्यांना १५४. आणि मिसळतानाची घट धरून सुटे घटक १७१ लिटर.

मापासाठी रंगाची दहा लिटरची बादली घेतली. ती काठोकाठ भरली की दहापेक्षा जास्त मावतं, शिवाय तीही निमुळतीच, म्हणून निम्मी बादली म्हणजे पाच लिटर नव्हे. लिटरच्या मापाने पाणी ओतून पाच आणि दहाच्या रेघा आतून ओढून घेतल्या. घमेल्याने मोजायचं सोडूनच दिलं, कारण शीग लावून भरलेलं एक घमेलं दुसऱ्यासारखं कधी येत नाही.

तिसरा रविवार: भरणी

भरायला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी कागदावर सुटली होती. सैल मिश्रण २५.६ आणि गड्डा १.७ मिळून २७.३ लिटर. पण कुंडी काठापर्यंत भरली तरी २५.८ लिटरच मावतं. एका दमात सगळी माती बसणारच नाही. म्हणून बुडाच्या भोकावर एक खापर ठेवून आधी दोन तृतीयांश माती घातली, गड्डा बसवला, पाणी घातलं, संध्याकाळपर्यंत बसू दिली आणि उरलेली दुसऱ्या दिवशी. हाताने दाबली नाही. काळी माती ओली असताना दाबली की थापली जाते आणि मग मुळांना हवा मिळत नाही.

सहा कुंड्या भरून अर्धी बादली मिश्रण शिल्लक राहिलं.

पंधरा दिवसांनंतर

पाच कुंड्यांत माती खडूच्या रेघेच्या आसपास, एखाद सेंटीमीटर इकडेतिकडे. सहावीत मात्र चार सेंटीमीटर खाली. बोटाने उकरून बघितलं तर गड्ड्याखाली पोकळी राहिली होती. तिथे ढेकळं फोडायची राहून गेली होती.

आता वर किती घालायची? मनात पहिला हिशोब असा आला: ३३ पैकी चार म्हणजे शंभरात बारा, २२.८ चे बारा टक्के म्हणजे पावणेतीन लिटर. हा हिशोब चुकतो, कारण खाली गेलेले ते चार सेंटीमीटर कुंडीच्या रुंद भागातले आहेत. तिथला व्यास सरासरी ३४.३, म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरला ०.९३ लिटर. बुडाशी तोच एक सेंटीमीटर फक्त ०.४५ लिटरचा असतो. चार सेंटीमीटरला ३.७ लिटर बसलेली माती, सैल साडेचार. अर्ध्या बादलीतून ती घातली आणि पाणी दिल्यावर माती रेघेवर आली.

दरवर्षी पावसाळ्याआधी वर माती घालताना मला ती कमी का पडायची ते आता समजलं. उंचीने अर्धी भरलेली ही कुंडी मातीने फक्त ९.३ लिटर, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपासच भरलेली असते. मी आता कुंडीवर बाहेरून ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: "वर १ सेंमी = सैल १.१ लि."

पुढचं काम कढीपत्त्याच्या चौकोनी निमुळत्या कुंडीचं. तिला व्यासाच्या जागी बाजू घ्यायची आणि ०.२६१८ ने गुणण्याऐवजी तीनाने भागायचं. रेघेवर बाजू ३०, बुडाशी २०, खोली ३०: नऊशे, सहाशे आणि चारशे मिळून १९००, गुणिले ३०, भागिले तीन, म्हणजे १९ लिटर बसलेली, २३ लिटर सैल. ती भरणी पहिला पाऊस पडल्यावर.