वर्षाला सहा लाखांचं काम आणि अमर्याद हमी: एका सेवा कराराचा माझा अनुभव

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरची देखभाल हा आमचा धंदा. फिटर आणि मशीन दादा बघतो. कोटेशन, बिलं आणि करार माझ्याकडं. इथली बरीचशी कामं एका पानाच्या वर्क ऑर्डरवर चालतात. गेल्या वर्षी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यानं वार्षिक देखभाल आम्हाला द्यायचं ठरवलं. महिना 50 हजार, म्हणजे वर्षाला 6 लाख. सोबत त्यांच्या लीगल विभागाचा जाडजूड करार आला. परचेसचे साहेब म्हणाले, "ताई, सगळ्यांना हाच असतो. सही करून पाठवा की."

मी वाचत वाचत इंडेम्निटीच्या कलमापाशी आले आणि तिथंच थांबले. "सेवेमुळं किंवा सेवेच्या संदर्भात" कंपनीचं जे जे नुकसान होईल, जे जे दावे आणि खर्च अंगावर येतील, ते सगळे आम्ही भरून द्यायचे. रकमेला मर्यादा नाही. त्याच्या पुढचंच कलम कंपनीच्या जबाबदारीचं, आणि तिथं मात्र मर्यादा होती: आमच्या थकलेल्या बिलांपुरती.

त्यांची मोल्डिंग लाइन हवेवर चालते. कॉम्प्रेसर ट्रिप झाला की लाइन उभी. लाइन एक तास थांबली तर साधारण दोन लाखांचा फटका, असं त्यांनीच मेलमध्ये लिहिलं होतं, म्हणजे आम्ही फोन केल्या केल्या यावं म्हणून. समजा, एक पाळी गेली. आठ तासांचे 16 लाख. वर्षभराचं आमचं बिल 6 लाख, त्यातून पगार, गाडी, सामान जाऊन हातात राहणार नव्वदेक हजार. एका पाळीत आमची अठरा वर्षांची कमाई गेली असती. हा हिशेब मी करारावरच पेन्सिलीनं मांडला आणि कसबा बावड्याला आमच्या वकीलसाहेबांकडं गेले.

माझा पहिला प्रश्न होता, इतकं एकतर्फी कलम कोर्टात टिकेल तरी का? त्यांनी ती आशा लगेच काढून टाकली. इंग्लंडमध्ये 1977 चा कायदा आहे. धंद्यातल्या छापील अटींनी जबाबदारी झटकली असेल तर ती अट वाजवी आहे का, हे तिथलं कोर्ट तपासतं. आपल्याकडं धंदेवाल्यांमधल्या करारांसाठी अशी सर्वसाधारण कसोटी कायद्यात लिहिलेली नाही. 1986 च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दुबळ्या बाजूवर लादलेली अन्याय्य अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरवली. पण दोन्ही बाजू व्यापारी आहेत आणि करार व्यापाराचा आहे, तिथं हे तत्त्व लागू नसेल, हेही त्याच निकालात लिहिलंय. 1996 च्या भारती निटिंग प्रकरणात कुरिअरच्या सही केलेल्या कागदावर 100 डॉलरची मर्यादा होती. न्यायालयानं तीच बंधनकारक धरली. "ताई, कोर्टात वाजवी ठरवून मिळेल या भरवशावर सही करू नका," ते म्हणाले. "वाजवी काय ते आत्ता टेबलावर ठरवा."

मग त्यांनी मला करार कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून दाखवली. 73 व्या कलमात करार मोडल्याची भरपाई आहे. ओघानं होणारं किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक असलेलं नुकसानच तिथं मागता येतं, लांबचं आणि अप्रत्यक्ष नाही. 124 वं कलम इंडेम्निटीचं. तिसऱ्या कुणाच्या वागण्यानं झालेलं नुकसानही भरून द्यायचं वचन तिथं देता येतं. म्हणजे कंपनीच्या मसुद्यात "सेवेच्या संदर्भात" एवढ्या शब्दांत त्यांच्याच इलेक्ट्रिशियनची चूकही बसली असती. आणि आपण फक्त "जबाबदारी 6 लाखांपर्यंत" एवढंच लिहिलं, तर इंडेम्निटी हे वेगळं वचन आहे, तिला ही मर्यादा नाही, असा वाद समोरचा घालू शकतो. म्हणून मर्यादेच्या कलमात "इंडेम्निटीसह" हे स्पष्ट लिहायचं.

आमचं म्हणणं गेल्यावर त्यांच्या लीगलकडून उत्तर आलं: "अप्रत्यक्ष आणि परिणामी नुकसान वगळतो." मला वाटलं, काम झालं. वकीलसाहेबांनी मान हलवली आणि 1854 चा हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल हा इंग्लंडमधला खटला सांगितला. ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा शाफ्ट मोडला, नमुन्यासाठी तो पाठवला, वाहतूकदारानं उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा गिरणीवाल्यांना मिळाला नाही, कारण शाफ्टवाचून गिरणी बंद राहील हे वाहतूकदाराला ठाऊक होतं असं कोर्टानं धरलं नाही. आमच्या बाबतीत मात्र तासाला दोन लाख, असा मेल आमच्याकडं पडलेला! म्हणजे लाइन बंद पडल्याचं नुकसान आम्हाला आधीपासून ठाऊक, आणि म्हणून ते सरळ नुकसानच, असं कुणीही म्हणेल. नुसत्या "परिणामी" या शब्दानं 16 लाख टळत नव्हते. आम्ही नावं घालून लिहून घेतलं: उत्पादन बंद राहणं, बुडालेला नफा, त्यांच्या ग्राहकानं लावलेला दंड, "प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष".

बैठकीत परचेसच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्या कामावर तुमचाच भरवसा नाही का?" मी पेन्सिलीचा हिशेब पुढं ठेवला. पण त्यांचीही एक बाजू खरी होती. आमच्या फिटरच्या हातून एअरएंड, म्हणजे कॉम्प्रेसरचा हवा दाबणारा मुख्य भागच जाम झाला, तर दुरुस्ती 6 लाखांच्या वर जाऊ शकते, आणि ते नुकसान त्यांनी का सोसावं? मला ते पटलं. म्हणून मालमत्तेच्या नुकसानीला वेगळी मर्यादा ठेवली, आमच्या विम्याइतकी, 25 लाख. बाकी सगळ्याला मिळून वर्षाला 6 लाख. इथं "प्रत्येक घटनेला" की "वर्षभरात एकूण" हे लिहायलाच हवं, नाहीतर तीन घटनांचे 18 लाख होतात. उशिराचा दंडही याच 6 लाखांत. माणूस दगावला किंवा जखमी झाला, फसवणूक झाली, जाणूनबुजून नुकसान केलं, तर मर्यादा नाही. ती मागणं मलाही बरोबर वाटलं नसतं.

खरा जोर विम्यामुळं आला. आमच्या ब्रोकरनं पॉलिसीतलं एक अपवादाचं कलम दाखवलं: कायद्यानं एरवी येणारच नाही आणि केवळ करारात कबूल केल्यामुळं अंगावर येते, अशी जबाबदारी विमा भरत नाही. मी तेच पान बैठकीत ठेवलं. आमच्या निष्काळजीपणापलीकडची इंडेम्निटी आमच्या खिशातून येणार, आणि त्या खिशात 16 लाख नाहीत. अमर्याद लिहून घेतलंत तरी हातात काही पडणार नाही. त्यांच्या लीगलच्या मॅडमनी हे लगेच मान्य केलं. इंडेम्निटी मग तिसऱ्या माणसाच्या दाव्यांपुरती आणि आमच्या निष्काळजीपणापुरती राहिली. त्यांची चूक जेवढी, तेवढं वजा. दावा आला की आम्हाला लगेच लेखी कळवायचं आणि आम्हाला न विचारता तडजोड करायची नाही. हेही महत्त्वाचं, कारण 125 व्या कलमानं शहाणपणानं केलेल्या तडजोडीची रक्कमही आमच्याकडून वसूल होऊ शकते.

"घोर निष्काळजीपणा" मर्यादेबाहेर ठेवायचा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत सुटला नाही. आम्ही त्याची व्याख्या घालून घेतली: धोका दिसत असताना त्याकडं जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष. बिलातून परस्पर कापून घ्यायचा हक्कही त्यांनी सोडला नाही. फक्त आधी 15 दिवसांची नोटीस देणं कबूल केलं. वाढीव विम्याचा हप्ता दरात घालून महिन्याचे 52 हजार ठरले आणि त्याच आठवड्यात दादानं सही केली.