ट्रेनिंग बाँड : माझा अनुभव

चाकणच्या कंपनीने रुजू होताना बाँडवर सही घेतली होती. प्रशिक्षण तीन महिन्यांचं, ते पूर्ण झाल्यापासून २४ महिने नोकरी करायची, आधी सोडली तर दीड लाख रुपयांतून उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात भरायचे. राजीनामा वगैरे सुरळीत झाला. घोडं अडलं ते हिशोबाच्या कागदावर.

प्रशिक्षण ३१ मार्चला संपलं आणि १ एप्रिलपासून मी लाईनवर होतो. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला बाहेर पडलो, म्हणजे १८ महिने भरले, ६ उरले. दीड लाखाचे चोवीस भाग केले की महिन्याला ६,२५० रुपये, त्यामुळे माझ्याकडून ३७,५०० येणं. एचआरने लावले ७५,०००! कारण काय, तर प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावरची तारीख आदल्या वर्षीची ३० सप्टेंबर. ते छापायला यांनीच सहा महिने लावले आणि बाँडही तिथूनच मोजला.

"सर, सिस्टिममध्ये तीच तारीख आहे," एवढं एकच उत्तर. मेल केला की "तपासतो", फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये. तोवर रिलीव्हिंग लेटर अडकलेलं आणि नवी कंपनी रोज तेच मागतेय. शेवटी एप्रिलचं शिफ्ट शेड्यूल कामी आलं. त्यात ट्रेनी नव्हे, ऑपरेटर म्हणून माझं नाव होतं. सोबत बाँडचं ते कलम जोडलं. त्यात 'प्रमाणपत्र मिळाल्यापासून' नव्हे, 'प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून' असं लिहिलंय, हे प्लांट हेडना सीसी करून विचारलं. मग दुसऱ्याच दिवशी सिस्टिम बदलली म्हणे.

नव्या मुलांनो, सही करण्याआधी तीन ओळी शोधा: मुदत कुठल्या तारखेपासून, रक्कम दरमहा कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते, आणि कंपनीनेच काढलं तर काय. माझ्या बाँडमध्ये कंपनीने कामावरून कमी केलं तर काही भरायचं नव्हतं, पण गैरवर्तनासाठी काढलं तर भरायचं होतं. सहीची प्रतही त्याच दिवशी मागून घ्या, नंतर ती फाईल कुणालाच सापडत नाही.

'बाँड कोर्टात टिकत नाही' हे कँटीनमधलं ज्ञान सोडा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कंपनीला मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणून खर्चाचा तपशील मागायला लाजू नका.

आणि हो, नोटीस पीरियडचे पैसे वेगळे असतात. माझ्या हिशोबात ते आधी बाँडच्याच ओळीत घुसवले होते.