फेब्रुवारीतले चार हजार डॉलर

बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरातूनच मी एका अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. महिन्याला चार हजार डॉलर येतात. जानेवारी 2024 चे पैसे मी काही न सांगता बँकेने आपणच रुपयात बदलले. त्या दिवशी बाजारात डॉलर 83.10 होता आणि मला मिळाला 82.35. डॉलरमागे पाऊण रुपया, म्हणजे तीन हजार रुपये गेले. फार वाईट वाटलं.

मग मी ईईएफसी खातं उघडलं. त्यात कमाई डॉलरमध्येच राहते, पण व्याज मिळत नाही. शिवाय एका महिन्यात जमा झालेले डॉलर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत वापरावे लागतात, नाहीतर रुपयात बदलावे लागतात.

फेब्रुवारीचे चार हजार पाच तारखेला आले. डॉलर वाढेल या आशेने दोन आठवडे मी रोज सकाळी भाव बघत होते. तो वीस पैशांच्या आतच खालीवर होत राहिला. शेवटी वहीत हिशेब मांडला. मार्चमध्ये एका परदेशी सॉफ्टवेअरचे 540 डॉलर भरायचे होते, म्हणून सहाशे बाजूला ठेवले. उरलेल्या 3,400 चे साधारण 2 लाख 82 हजार रुपये. सहा टक्के व्याज धरलं तर महिन्याचे चौदाशे. म्हणजे नुसतं तेवढं भरून निघायलाच डॉलर महिन्याभरात एकेचाळीस पैशांनी वाढायला हवा! आणि तिकडे बँकेच्या ठरलेल्या भावात, म्हणजे कार्ड रेटमध्ये, पंच्याहत्तर पैसे जात होते. मी बघत होते बाजाराकडे, बघायला हवं होतं बँकेच्या भावाकडे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला शाखेत गेले. "मॅडम, कार्ड रेट नको, ट्रेझरीकडून भाव मागवून द्या," म्हटलं. त्यांनी ट्रेझरीला, म्हणजे बँकेच्या चलन व्यवहार बघणाऱ्या विभागाला, फोन लावला, मी मोबाइलवर बाजारभाव उघडून बसले. पलीकडून पंधरा पैसे कमी सांगितले. मी लगेच हो म्हटलं, कारण असा भाव काही मिनिटंच टिकतो. डॉलरमागे साठ पैसे वाचले, 3,400 वर 2,040 रुपये.

निघताना मॅडम म्हणाल्या, "अहो, ते सहाशे 31 मार्चवर ठेवू नका. 29 ला गुड फ्रायडे, 30 शनिवार, 31 रविवार. चलनबाजार 28 लाच बंद होणार." मला हे सुचलंच नसतं. होळी झाल्यावर 26 मार्चला परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म भरून 540 पाठवले आणि उरलेले साठ त्याच खेपेत रुपयात बदलून घेतले. साठांसाठी भाव मागवायला मात्र फोन करायला लावला नाही.

आता पैसे आले की आधी डॉलरमधला खर्च बाजूला काढते आणि उरलेल्यांचा भाव त्याच आठवड्यात, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी मागवते.