ऑप्शन चेन वाचताना : ओपन इंटरेस्टच्या दोन बाजू

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला होता. हे वाचल्यावर सौदे करण्याची इच्छा माझ्या मनात उरली नाही. मात्र इतके लोक ज्या तक्त्याकडे पाहून निर्णय घेतात, तो तक्ता नेमके काय सांगतो हे समजून घ्यावेसे वाटले. मी अनेक वर्षे हिशेब लिहिण्याचे काम केले आहे आणि आकड्यांचा तक्ता समोर असून तो वाचता येऊ नये, हे मला स्वस्थ बसू देत नव्हते. म्हणून मी काही महिने एकही सौदा न करता राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरील निफ्टीची ऑप्शन चेन रोज पाहिली आणि वहीत टिपणे ठेवली. पुढील उदाहरणातील आकडे त्या टिपणांच्या धर्तीवर, समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून घेतले आहेत.

पान उघडले की मधोमध STRIKE, म्हणजे करारात ठरलेल्या किमतींचा, स्तंभ दिसतो. निफ्टीत या किमती ५० अंकांच्या अंतराने असतात. डावीकडे कॉल आणि उजवीकडे पुट असतात. ठरलेल्या किमतीला खरेदी करण्याचा हक्क म्हणजे कॉल आणि विक्री करण्याचा हक्क म्हणजे पुट. निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या बाबतीत प्रत्यक्ष काहीच हाती दिले-घेतले जात नाही, मुदतीच्या दिवशी फक्त पैशांतला फरक चुकता होतो. LTP या स्तंभात शेवटच्या सौद्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, दिसते. समजा गुरुवारी सकाळी निफ्टी २४,८७० वर आहे आणि मुदत पुढच्या मंगळवारी संपणार आहे. २५,००० चा कॉल ९६ रुपयांना मिळतो आहे. एका लॉटमध्ये ७५ युनिट धरले, तर खरेदीदाराला ७,२०० रुपये द्यावे लागतात आणि मुदतीला निफ्टी २५,०९६ च्या वर बंद झाला तरच त्याला नफा होतो. त्याच २५,००० चा पुट २०३ रुपयांना आहे. त्यातले १३० रुपये आजच्या निफ्टीपासूनच्या अंतराचे आहेत आणि उरलेले ७३ रुपये उरलेल्या दिवसांतील अनिश्चिततेचे. इथपर्यंत मला अडचण आली नाही.

अडचण आली ती OI या स्तंभाशी. ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून न मिटलेल्या करारांची संख्या, ही व्याख्या मी पाठ केली होती, पण ती मला कळलेली नव्हती. २५,००० च्या कॉलसमोर सर्वांत मोठा आकडा दिसला, तेव्हा एवढ्या लोकांनी कॉल घेतले आहेत, म्हणजे निफ्टी २५,००० च्या वर जाईल असे बहुतेकांना वाटते, असा निष्कर्ष मी वहीत लिहून टाकला. माझा मावसभाऊ एका दलालाच्या कार्यालयात जोखीम पाहण्याचे काम करतो. त्याला ते पान दाखवले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, ‘‘ताई, हे कॉल घेतले म्हणतेस, तर मग ते विकले कोणी?’’

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. जमेची प्रत्येक नोंद दुसरीकडे नावे पडलेली असते, तसा प्रत्येक कॉल कोणीतरी घेतलेला आणि कोणीतरी विकलेला असतो. मग मी चार काल्पनिक माणसे घेऊन वहीत हिशेब मांडला. ‘अ’ने ‘ब’कडून १० लॉट घेतले. दोघेही नवे, म्हणून ओपन इंटरेस्ट १० झाला. ‘क’ने ‘ड’कडून ५ घेतले, तो १५ झाला. मग ‘अ’ने आपले १० लॉट ‘क’ला विकले. करार एका हातातून दुसऱ्या हातात गेले, म्हणून ओपन इंटरेस्ट १५ च राहिला. शेवटी मूळ विक्रेत्या ‘ब’ने ‘क’कडून ५ लॉट परत घेतले. दोघांचेही व्यवहार तेवढ्यापुरते मिटले आणि ओपन इंटरेस्ट १० वर आला. दिवसभराची उलाढाल मात्र ३० लॉट झाली. VOLUME आणि OI हे दोन स्तंभ वेगळे का असतात, ते मला या चार ओळींतून समजले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, शेवटी उरलेल्या त्या १० लॉटांत घेणारे १० आणि विकणारेही १० च होते. तेव्हा केवळ OI पाहून तेजी किंवा मंदी सांगता येणे शक्यच नाही.

तरीही बाजारातले लोक सर्वाधिक ओपन इंटरेस्ट असलेल्या कॉलच्या किमतीला अडथळा आणि तशाच पुटच्या किमतीला आधार म्हणतात. त्यामागे एक गृहीत आहे. ऑप्शन विकणाऱ्याला मोठी रक्कम मार्जिन म्हणून अडकवावी लागते आणि त्याचा तोटा मिळालेल्या प्रीमियमच्या कितीतरी पट होऊ शकतो, त्यामुळे तो विचार करून विकत असावा आणि ती पातळी ओलांडली जाणार नाही असे त्याला वाटत असावे. हे गृहीत पुष्कळदा बरोबर ठरते, पण ते प्रत्येक वेळी तपासावे लागते. तपासायचे कसे, हे शिकण्यात माझा सर्वाधिक वेळ गेला.

फ्युचर्ससाठी एक नियम सांगितला जातो : किंमत आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वाढले की नवी खरेदी होते आहे, आणि किंमत उतरून ओपन इंटरेस्ट वाढला की नवी विक्री होते आहे. मी तोच नियम ऑप्शनच्या प्रीमियमला लावत होते आणि फसत होते. निफ्टी चढला की कॉलचा प्रीमियम कोणी उत्साहाने खरेदी केली नाही तरी चढतो. म्हणून प्रीमियममधून निफ्टीच्या हालचालीचा भाग वजा करूनच पाहावे लागते, आणि नवशिक्याला ते काम IV हा स्तंभ बऱ्याच अंशी करून देतो. आजच्या प्रीमियममध्ये वार्षिक किती टक्के चढउतार गृहीत धरला आहे, हे तो सांगतो. निफ्टीची पातळी आणि उरलेले दिवस यांचा हिशेब त्यात आधीच झालेला असतो.

आता तो गुरुवार पाहू. सकाळी २५,००० च्या कॉलचा ओपन इंटरेस्ट ९०,००० लॉट, प्रीमियम ९६ आणि IV १२ होता. दुपारी निफ्टी १० अंकांनी वाढून २४,८८० झाला. एवढ्या वाढीने या कॉलचा प्रीमियम साधारण चार रुपयांनी वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो ८६ वर उतरला, IV ११ झाला आणि ओपन इंटरेस्ट १,१५,००० वर गेला. अर्धा दिवस सरल्याने प्रीमियमची होणारी झीज धरली तरी एवढी घट होत नाही. करार वाढत असताना IV घटला, याचा अर्थ विकणाऱ्यांना अधिक घाई होती आणि कमी भावातही ते विकत होते. इथे अडथळा तयार होतो आहे असे म्हणायला काही आधार आहे. याउलट, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या आदल्या दिवशी ओपन इंटरेस्ट आणि IV दोन्ही चढताना दिसले, तर घाई घेणाऱ्यांना आहे. त्या मोठ्या आकड्याला अडथळा म्हणणे चूक ठरेल.

या वाचनालाही सीमा आहे. विकणाऱ्याने वरचा २५,२०० चा कॉल घेऊन आपला तोटा बांधून घेतलेला असू शकतो, किंवा त्याच्याकडे शेअर असतील आणि तो त्यांवर थोडे उत्पन्न मिळवत असेल. तक्त्यात या जोडीच्या बाजू एकत्र दिसत नाहीत.

शुक्रवारी दुपारी निफ्टी २५,०६० वर पोहोचला आणि तोच कॉल १७० रुपयांना गेला. ज्याने ८६ ला विकला होता, त्याला लॉटमागे ६,३०० रुपयांचा तोटा दिसू लागला. विक्रेते कॉल परत घेऊ लागले आणि ओपन इंटरेस्ट १,१५,००० वरून ७०,००० वर आला. ज्या आकड्याला आदल्या दिवशी अडथळा म्हटले होते, त्याच आकड्यातले विक्रेते आता खरेदीदार झाले होते. म्हणून निफ्टी त्या पातळीजवळ असताना CHNG IN OI मधला ऋण आकडा मला मूळ OI पेक्षा अधिक बोलका वाटतो.

पुट-कॉल गुणोत्तराचा, म्हणजे PCR चा, माझा गैरसमज याच दिवशी दूर झाला. सर्व पुटांचा ओपन इंटरेस्ट भागिले सर्व कॉलांचा ओपन इंटरेस्ट, एवढेच ते गणित आहे. गुरुवारी संध्याकाळी पुट ९,००,००० आणि कॉल १०,००,००० लॉट होते, म्हणून गुणोत्तर ०.९० आले. शुक्रवारी ते १.२० झाले. पुट विकणारे मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी खाली आधार दिला, असे मी लिहिणार होते. मग दोन्ही बेरजा शेजारी मांडल्या. पुट ९,००,००० च होते आणि कॉल घटून ७,५०,००० झाले होते. अंश जागचा हलला नव्हता, छेद घटल्यामुळे भागाकार वाढला होता. खाली नवा आधार तयार झाल्याची एकही खूण त्या तक्त्यात नव्हती. कॉल विकणाऱ्यांनी काढता पाय घेतला होता, एवढेच त्यातून कळत होते. तेव्हापासून मी नुसते गुणोत्तर कधीच लिहीत नाही, दोन्ही बेरजा लिहून मग भागाकार मांडते.

या गुणोत्तरात सर्व करारांना सारखेच वजन असते, हेही लक्षात ठेवावे लागते. निफ्टी २४,८७० वर असताना २३,००० चा पुट दीड-दोन रुपयांना मिळत असेल, तर विम्यासारखे असे हजारो पुट घेतले गेल्यावर गुणोत्तर वर जाते, पण २५,००० च्या आसपास काय चालले आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. मी आता निफ्टीच्या वरच्या आणि खालच्या प्रत्येकी पाच किमतींचे गुणोत्तर वेगळे काढते.

एका ॲपमुळे माझी दोन आठवड्यांची टिपणे वाया गेली, ते इथे सांगितलेच पाहिजे. त्यावर ओपन इंटरेस्ट लॉटमध्ये नसून युनिटमध्ये होता, म्हणजे १,००,००० लॉटच्या जागी ७५,००,००० दिसत होते. मी एक दिवस संकेतस्थळावरून आणि दुसऱ्या दिवशी ॲपवरून आकडे घेतले आणि ओपन इंटरेस्ट एका रात्रीत पंचाहत्तरपट झाला असे समजले. गुणोत्तरात ही चूक दिसतही नाही, कारण वर आणि खाली दोन्हीकडे तोच गुणक असतो. ॲपवरचे PCR मात्र सर्व मुदतींचे मिळून होते आणि माझे फक्त चालू आठवड्याचे, त्यामुळे ते दोन्ही आकडे कधीच जुळले नसते.

मंगळवारी मुदत संपली की त्या आठवड्याचे सर्व करार नाहीसे होतात. बुधवारी सकाळी समोर येते ती पुढच्या मंगळवारची चेन, जिच्यातील करार तेव्हा अजून जमत असतात. म्हणून माझ्या वहीत मंगळवारच्या नोंदीखाली आडवी रेघ असते आणि बुधवारचे गुणोत्तर मी तिच्या वरच्या आकड्याशी ताडून पाहत नाही.