पहाटे साडेचारचा पंखा

"दादा, यंत्र बिघडलंय का हो? रोज पहाटे साडेचारला पंखा आपोआप जोरात सुरू होतो. आईची झोप मोडते, मग दिवसभर तिला दम लागतो."

घरांमध्ये आणि छोट्या दवाखान्यांमध्ये हवेतली बारीक धूळ मोजणारी यंत्रं बसवणं आणि त्यांच्या आकड्यांवर शुद्धीकरणाचा पंखा चालवणं हे माझं काम. ज्यांचा फोन आला त्या ताईंच्या आईला, म्हणजे आजींना, जुना दमा. त्यांच्या खोलीत मीच सगळं जोडलं होतं. धुळीसाठी पीएमएस ५००३ हा लेझरचा सेन्सर, तापमान आणि आर्द्रतेसाठी बीएमई २८०, हिशेबाला ईएसपी ३२ आणि पंखा चालू-बंद करायला एक रिले. पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमच्या वर गेला की पंखा सुरू, १८ च्या खाली आला की बंद. दोन आकड्यांमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं होतं. एकाच आकड्यावर चालू-बंद ठेवलं, तर त्या आकड्याभोवती घुटमळणाऱ्या वाचनानं रिले दर मिनिटाला टकटकत राहतो.

आजींच्या खोलीत एक चूक मी आधीच केली होती आणि सुधारलीही होती. सुरुवातीला सेन्सरचा डबा शुद्धीकरणाच्या यंत्राशेजारच्या फळीवर ठेवला होता, कारण वायर तिथवरच पुरत होती. पंखा सुरू झाला की पाच मिनिटांत आकडा ६ वर यायचा आणि पंखा बंद व्हायचा. एकदा काडी ओढून विझवली, तिचा धूर खोलीत पसरू दिला आणि दुसरा सेन्सर हातात धरून उशाशी उभा राहिलो. फळीवर ६, उशाशी २८. गाळून आलेली स्वच्छ हवा डब्यावरूनच वाहत होती. यंत्र स्वतःच्याच फुंकरीची हवा मोजत होतं आणि आजींच्या नाकाशी काय आहे याची त्याला कल्पनाच नव्हती. म्हणून डबा पलंगाच्या बाजूच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा मीटरवर नेला. यंत्राचा झोत तिथे येत नव्हता, खिडकी लांब होती आणि ऊनही पडत नव्हतं. या सेन्सरची हवा आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची भोकं एकाच बाजूला असतात. बाहेर टाकलेली हवा परत आत ओढली जाऊ नये म्हणून डब्यात त्यांच्यामध्ये एक पातळ पडदीही घातली.

त्यामुळे या वेळी जागेबद्दल मी निर्धास्त होतो. आर्द्रतेबद्दल तर त्याहून जास्त, कारण तिची दुरुस्ती मी हिशेबात आधीच घातली होती. ती कशासाठी लागते हे आधी सांगतो.

हा सेन्सर धूळ तोलत नाही. कणांवर लेझरचा प्रकाश टाकतो, विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. हवेतले बरेचसे बारीक कण क्षारांचे असतात. हवा दमट झाली की ते पाणी शोषून फुगतात. अमोनियम सल्फेटचा कोरडा कण साधारण ८० टक्के आर्द्रतेला पाण्यात विरघळून थेंबच होतो, मीठ त्याच्याही आधी, ७५ टक्क्यांच्या आसपास. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला वाटतं की धूळ वाढली. प्रत्यक्षात वाढलेलं असतं ते पाणी. ही फुगवट काढून टाकायचं सूत्र हिल्डिंग कोलर या स्वीडिश हवामानशास्त्रज्ञानं ढगांच्या थेंबांसाठी मांडलेल्या विचारातून आलं आहे. कण किती पाणीपिपासू आहे हे त्यात कप्पा नावाच्या एका अंकानं सांगतात. मी ०.३ धरला होता. मिश्र धुळीसाठी तो मला बरा वाटतो.

म्हणून ताईंना म्हणालो, "दमटपणाचा प्रश्न नसणार. पहाटे बाहेरून काहीतरी आत येत असेल." हे मी फार खात्रीनं बोललो.

त्या रात्री तिथेच थांबलो. सोबत दुसरा पीएमएस ५००३ होता. त्याच्या तोंडाला एक छोटी धातूची नळी, नळीवर गुंडाळलेली रोधतार. आत जाणारी हवा सात-आठ अंशांनी तापवायची, म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि कणांवरचं पाणी उडतं. यापेक्षा जास्त तापवत नाही, कारण अमोनियम नायट्रेटसारखे कण उष्णतेनं स्वतःच विरून जातात आणि मग आकडा खोटाच कमी येतो. आधी नळी न तापवता दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी चालवले. दोघांत दोनहून जास्त फरक नव्हता. ही खात्री करून घेतली नसती, तर पुढच्या तुलनेला अर्थच उरला नसता.

रात्री दहाला भिंतीवरच्या सेन्सरचं कच्चं वाचन २२ होतं. दुरुस्तीनंतर १८. बाहेर पाऊस थांबलेला, खिडकी बोटभर उघडी, खोली हळूहळू गार होत होती. दोनला कच्चा आकडा ३३. चारला ४१. चढण अगदी सावकाश होती, कुठेही उडी नव्हती. साडेचारला कच्चा आकडा ४७, दुरुस्तीनंतर ३२, आणि रिलेचा आवाज झाला. पंखा घुमायला लागला, आजी कुशीवर वळल्या. मी नळीवाला सेन्सर पाहिला. तो २१ दाखवत होता.

म्हणजे हवेत धूळ वाढलीच नव्हती, वाढलं होतं ते पाणी. मग माझी दुरुस्ती काय करत होती?

भिंतीवरच्या डब्यातली आर्द्रता पाहिली. ७२ टक्के. उशाशी टांगलेल्या वेगळ्या आर्द्रतामापकावर ९१. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डब्यातलं तापमान २९ अंश होतं, खोलीतलं २५. बीएमई २८० मी ईएसपी ३२ च्या अगदी वर चिकटवला होता आणि वायफाय चालवणारी ती चिप दिवसरात्र उबदार असते. हवेत वाफ तेवढीच, पण चार अंश ऊब मिळाली की सापेक्ष आर्द्रता ९१ ची ७२ होते. धूळ मोजणारा सेन्सर मात्र त्याच्या छोट्या पंख्यानं खोलीतली गार, दमट हवा सरळ लेझरसमोर ओढत होता. कणांना ९१ टक्के लागत होते आणि हिशेब ७२ चा चालला होता.

फरक किती पडतो हे कागदावर मांडलं. आर्द्रता ७२ धरली तर फुगवट १.४७ पट येते, म्हणून ४७ चे ३२ झाले. ९१ धरली तर २.८४ पट, म्हणजे ४७ चे साडेसोळा. रात्री दहाचा आकडाही खोलीच्या खऱ्या आर्द्रतेनं, म्हणजे ६८ टक्क्यांनी, पुन्हा काढला. तो सोळाच्या जवळ आला. रात्रभर खोलीतली धूळ जवळजवळ जिथल्या तिथे होती. ८५ टक्क्यांच्या पुढे सूत्राची वक्ररेषा इतकी उभी चढते की आर्द्रतेतली छोटी चूक मोठी होऊन बसते. कमी आर्द्रतेच्या दिवसांत हीच जोडणी निर्धोक चालली असती आणि मला काही कळलंही नसतं.

सकाळी बीएमई २८० डब्याबाहेर काढला. गरम हवा वर जाते म्हणून तो डब्याच्या खाली, वीत-दीड वीत वायरवर, जाळीच्या टोपणात टांगला. त्याचं आणि उशाशी टांगलेल्या मापकाचं वाचन जुळलं. पुढच्या चार पहाटा पंखा गप्प राहिला. ताईंचा निरोप आला, आई सलग झोपतेय.

पाचव्या पहाटे पुन्हा फोन. या वेळी उलटं. "आईला खोकल्याची उबळ आलीय, खोलीत जळल्याचा वास आहे आणि पंखा बंदच आहे."

"आधी पंखा हातानं लावा आणि खिडकी बंद करा," म्हणालो आणि निघालो. नोंदी पाहताना पोटात गोळा आला. कोणीतरी जवळपास पालापाचोळा पेटवला होता. कच्चा आकडा दहा मिनिटांत ४५ वरून ८५ वर गेला होता. आर्द्रता ९२ टक्के. माझ्या सूत्रानं ८५ ला ३.०९ नं भागलं आणि उत्तर दिलं साडेसत्तावीस. तीसच्या खाली, म्हणून पंखा बंद.

धुराचे कण क्षारांइतकं पाणी पीत नाहीत. काजळी तर जवळपास नाहीच. त्यांच्यासाठी कप्पा ०.१ किंवा त्याहून कमी धरावा लागतो. वाढलेले ४० जर धुराचे असतील, तर त्यांची फुगवट फार तर १.७ पट. म्हणजे खरा धूर तेवीसच्या पुढे आणि आधीचे जवळपास पंधरा मिळून चाळिसाच्या जवळ. मी त्या धुरालाही क्षारांच्याच मापानं भागून टाकलं होतं. कप्पा हा कण कशाचा आहे याबद्दलचा अंदाज असतो आणि सेन्सरला कण कशाचा आहे ते दिसत नाही.

दमट पहाट आणि धूर यांची चाल मात्र निराळी असते. दमटपणानं आकडा तासातासानं, आर्द्रतेच्या मागोमाग चढतो. धुरानं तो मिनिटांत उडी घेतो आणि आर्द्रता जागची हलत नाही. न्हाणीघरातल्या वाफेनंही उडी दिसते, पण तेव्हा आर्द्रताही सोबत उडी घेते. म्हणून अट अशी बदलली:

```python
rh_c = min(rh, 92)
f = 1 + (0.3 / 1.65) / (100 / rh_c - 1)
pm = raw / f
jump = raw - raw_10min > 15 and abs(rh - rh_10min) < 2
if pm > 30 or jump:
    fan_on()
elif pm < 18 and on_minutes > 20:
    fan_off()
```

`raw` म्हणजे कच्च्या वाचनांचा पाच मिनिटांचा मध्यक, एकेकटं वाचन नव्हे. १.६५ ही कोरड्या कणाची धरून चाललेली घनता. ९२ च्या वरची आर्द्रता हिशेबात घेतच नाही, कारण तिथे आर्द्रतामापकाचीच दोन-तीन टक्क्यांची चूक उत्तर दीडपट फिरवू शकते. धूळ-सेन्सरकडून वाचन येणं थांबलं तर पंखा सुरू राहील, हेही वेगळं लिहिलं. आधी तो बंद व्हायचा आणि ते मला आता अजिबात पटत नाही. पंखा उगाच चालला तर वीज जाते, गाळणी थोडी लवकर भरते, कधी झोप मोडते. तो चालायला हवा तेव्हा बंद राहिला तर आजींचा श्वास कोंडतो.

हे सगळं ताईंना उलगडून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग परत पहाटे उगाच लागेल का?"

"क्वचित लागेल," मी म्हणालो. "एकदा लागला की निदान वीस मिनिटं चालेल."

आजी पलंगावरून म्हणाल्या, "लागू दे रे. का लागला ते कळलं की झोप येते परत."

त्या दिवशी निघण्याआधी डब्यावर एक छोटा पडदा लावला. त्यावर आता दोन आकडे दिसतात, कच्चा आणि दुरुस्त केलेला, शेजारी आर्द्रता. पहाटे पंखा लागला की आजी चष्मा लावून आधी तिन्ही आकडे पाहतात आणि मग मला संध्याकाळी कळवतात.