एकोणसाठ की एकोणसत्तर?

नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे काउंटरवरच्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढायचा आणि कार्ड तिथेच ठेवून यायचं, ही आता रीतच झाली आहे. मग गॅलरी साफ करताना तो फोटो उडतो. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप घेतलेला फोटो ६० दिवस राहतो, बॅकअप नसलेला ३०. तिथेही नसेल तर उरतं ते डोक्यातलं कार्ड.

अशा वेळी बोटं लगेच नेटवर शोधायला धावतात. ती आधी आवरायची. नेटवर एक पत्ता दिसला की पाच मिनिटांत तोच कार्डावर होता असं वाटू लागतं, आणि मग आठवलेलं कुठलं नि वाचलेलं कुठलं हे वेगळं काढता येत नाही. म्हणून आधी कागद. कार्डाच्या आकाराचा चौकोन काढायचा, साधारण साडेतीन इंच बाय दोन, आणि जे जिथे होतं तिथे लिहायचं. डाव्या कोपऱ्यात लोगो, उजवीकडे नाव, खाली निळ्या पट्टीत फोन असं मांडत गेलं की कधी कधी विसरलेली एखादी ओळही सापडते. पक्कं आठवतं ते तसंच लिहायचं, डळमळीत असेल त्यापुढे प्रश्नचिन्ह, नाहीच आठवत तिथे रिकामी जागा. अंदाजाने जागा भरायचा मोह फार होतो. भरलेला आकडा आठवड्याने खरा दिसू लागतो.

नंबर डोळ्यांनी आत गेला की कानांनी, हेही शेजारी लिहून ठेवावं, कारण चुका त्याप्रमाणे बदलतात. वाचलेल्या नंबरात ६ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत होते. ऐकलेला नंबर मात्र आपल्याकडे जोडीजोडीने येतो, आणि तिथे मराठी अंक हमखास दगा देतात: एकोणसाठ की एकोणसत्तर, एकोणऐंशी की एकोणनव्वद? शेवटची जोडी ५९ किंवा ६९ एवढीच शंका असेल तर दोन फोनचं काम आहे. दोन्ही आकडे कोरे असतील तर शंभर नंबर होतात. तो नाद सोडून दुसरीकडून यावं.

दुसरीकडून म्हणजे बहुतेक वेळा जीएसटी क्रमांकावरून. तो कार्डावर अर्धवट आठवत असला तरी जुन्या बिलावर पूर्ण मिळतो. त्याच्या १५ जागा अर्थ धरून असतात. पहिल्या दोन २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढच्या दहा म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. पॅनमधलं चौथं अक्षर P असेल तर व्यक्ती, F असेल तर भागीदारी फर्म. व्यक्ती असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर. समजा, एकट्या मालकाचं वर्कशॉप आहे, आडनाव देवरे आठवतं आणि बिलावरच्या पॅनमध्ये चौथं P, पाचवं A आहे. मग आडनाव आहेर किंवा अहिरे तर नव्हतं ना, हे पाहायलाच हवं. चौदाव्या जागी सहसा Z असतो. तिथे २ आठवत असेल तर तो Z च समजा. पंधरावी जागा तपासणीची, त्यामुळे मधलं एक अक्षर चुकलं तरी क्रमांक जुळत नाही. जीएसटी पोर्टलच्या Search Taxpayer मध्ये बरोबर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि मुख्य पत्ता समोर येतो. मात्र तो नोंदणीचा पत्ता असतो. कार्डावर नवा गाळा असू शकतो, तेव्हा फरक दिसला म्हणून आपल्या आठवणीवर लगेच काट मारू नये.

पत्त्याला पिनकोडची कसोटी लावता येते. अंबड एमआयडीसीला ४२२०१०, सातपूरला ४२२००७. अंबड लिहून पुढे ४२२००७ आठवत असेल तर दोन्हींतलं एक दुसऱ्या कार्डावरून आलं आहे.

ईमेल सगळ्यांत लबाड. देवरे इंग्रजीत Deore, Devare, Deware असे तिन्ही होतात. तिन्ही पत्ते कुणाकुणाचे असू शकतात, म्हणून मेल परत आला नाही एवढ्यावरून तो योग्य माणसाला पोचला असं ठरत नाही. दरपत्रक मागवणारा मेल अंदाजाने मुळीच पाठवू नये.

शेवटी फोन. तिथे ‘तुमचा मेल अमुक अमुकच ना?’ असं विचारलं की मशीनच्या आवाजात समोरचा ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा ‘भाऊ, मेल सांगता का, लिहून घेतो’ म्हणावं, त्यांनी सांगितलेलं अक्षर-अक्षर करून परत वाचून दाखवावं आणि जमलं तर व्हॉट्सॲपवर कार्डच मागवावं. आठवणीच्या कागदावर खाडाखोड न करता शेजारी नवा रकाना करून तारखेसह ते उतरवायचं.

कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला किलोचा भाव मात्र नव्या कार्डावर येणार नाही. तो आठवत असला तरी प्रश्नचिन्हासकटच ठेवायचा, आणि ‘तुम्ही इतका सांगितला होता’ म्हणण्याआधी आजचा भाव विचारायचा.